लाइन गेली, फ्रिज बंद, आत इन्सुलिन : नागपूरच्या उन्हाळ्यातले तुमचे अनुभव सांगा

अबोली

आमचं घर मानेवाड्याला, वरचा मजला, डोक्यावर सरळ स्लॅब. आईला ३०/७० चं इन्सुलिन, सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट. मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं, गल्लीतला गुलमोहर तारांवर पडला आणि लाइन गेली ती दुसऱ्या दिवशी रात्री आली. साधारण २६ तास. फ्रिजमध्ये दोन सीलबंद कुप्या आणि एक चालू कुपी होती.

त्या दिवशी काय केलं ते आकड्यांसह लिहिते, कारण माझ्याकडे तार आत सोडता येते तसा छोटा डिजिटल थर्मामीटर होता. फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात, जिथे कुप्या ठेवतो तिथेच त्याची तार कायम असते. लाइन गेली तेव्हा आत ५ अंश होते. खालच्या कप्प्यात उन्हाळाभर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतात, त्याचा फार उपयोग झाला. दार अजिबात उघडलं नाही, तेव्हा चार तासांनी १२, दहा तासांनी २१. दुसऱ्या दिवशी खोलीत ३८ होते आणि दुपारी, म्हणजे वीस तासांनी, फ्रिजमध्ये २९.

सकाळी दुधासाठी कुणीही फ्रिज उघडायचा नाही, असं मी दारावर चिठ्ठी लावून सांगितलं होतं. पण दुपारपर्यंत बंद फ्रिजचा फायदा संपत आला होता. तोवर पलीकडे गॅलरीच्या सावलीत माठ तयार होता आणि त्यातलं पाणी २६ अंशांवर स्थिर होतं. म्हणून कुप्या माठात हलवल्या. सकाळीच घाईने हलवल्या असत्या तर उलट त्या जास्त गरम झाल्या असत्या, कारण तेव्हा फ्रिज माठापेक्षा थंड होता.

माझं म्हणणं एवढंच की दोन्हीकडचं तापमान बघून ठरवावं. तुमच्याकडे काय करतात? काय फसलं तेही लिहा.

वाडीवाला

मी वाडीचा. आमच्याकडे लाइन गेली का सात-आठ तास येतच नाही. बाबाले इन्सुलिन हाय. मी तर सोपं करतो, लाइन जायची लक्षणं दिसली का कुप्या उचलून फ्रीझरमध्ये टाकतो, दगडासारखा गारवा धरून ठेवतो ना. मागच्या उन्हाळ्यापासून हेच करतो. बाबाची शुगर मात्र कमी-जास्त होते, पण ते आंबे खातात, म्हणून असंल.

महालची सून

वाडीवाला भाऊ, आधी ते थांबवा, हात जोडून सांगते. आमच्याकडे हेच झालं होतं, फक्त फ्रीझरऐवजी बर्फ.

दोन वर्षांपूर्वी लाइन गेल्यावर सासूबाईंची कुपी मी थर्मासात बर्फाच्या खड्यांवर ठेवली. दोन-तीन तासांनी काढली तर आतलं औषध घट्ट, कुपी वाकडी केली तरी हलेना. मी बाहेर ठेवून वितळू दिलं आणि वाटलं, झालं, पुन्हा पातळ झालं. रात्री नेहमीची १४ युनिट दिली.

पुढच्या चार-पाच दिवसांत उपाशीपोटीची शुगर, जी १४० च्या आसपास असायची, ती २६० वर गेली. डॉक्टरांना फोन केला. कुपी गोठली होती हे मी सांगितलंच नाही, कारण मला ते महत्त्वाचं आहे हे माहीतच नव्हतं. त्यांनी हळूहळू वाढवत डोस २२ वर नेला. मग ती कुपी संपली आणि नवी उघडली. २२ युनिट, तीही चांगल्या औषधाची. पहाटे चारला सासूबाई घामाने भिजलेल्या, बोलताना जीभ अडखळत होती. मशीनवर ५२. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तेव्हा ७८ आली.

त्या रात्रीनंतर मी ती जुनी कुपी कचऱ्यातून काढून उजेडात धरली. तळाशी थोडं औषध उरलं होतं. तळहातांत फिरवल्यावर एकसारखं दुधाळ व्हायला हवं. त्याऐवजी काचेच्या आतल्या बाजूला पांढरे कण चिकटलेले, किसलेल्या खोबऱ्यासारखे, फिरवूनही सुटेनात. मी ते आधीच बघितलं असतं तर!

औषधी_इतवारी

मी फार्मासिस्ट, इतवारीत दुकान आहे. महालच्या ताईंनी जे सोसलं तेच मी गिऱ्हाइकांना दर उन्हाळ्यात समजावतो. थोडं सविस्तर लिहितो.

गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. उष्णतेचं तसं नाही. उष्णता हळूहळू खाते, गोठणं एका झटक्यात. फ्रिजमध्ये सीलबंद कुपी २ ते ८ अंशांत ठेवली तर छापील मुदतीपर्यंत टिकते. उघडलेली किंवा बाहेर काढलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस चालतात. काहींची मुदत याहून वेगळी असते, म्हणून पेटीतला कागद वाचायचा आणि उघडल्याची तारीख पेनाने पेटीवर लिहायची. पण कागदावर 'रूम टेम्परेचर' लिहिलंय ते ३० च्या खालचं. आपल्याकडची मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत बंद खोलीतल्या कपाटात कुपी महिनाभर ठेवून चालणार नाही.

अबोलीताईंच्या कुप्या काही तास २९ ला होत्या, त्याने काही बिघडत नाही. चालू कुपीच्या २८ दिवसांतलेच ते तास. सीलबंद दोन कुप्यांच्या पेटीवर मात्र 'अमुक तारखेला बाहेर होती' असं लिहा आणि त्याच आधी संपवा.

डोसबद्दल एक विनंती. कुपीवर संशय असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. खराब औषधावर वाढवलेले युनिट नव्या कुपीला लागू पडत नाहीत, महालच्या ताईंच्या घरी तेच झालं. आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. साधं, जेवणाआधीचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं. ते गढूळ झालं तर खराबच, पण स्वच्छ दिसलं म्हणून ताकद शाबूत आहे असं नाही. खाणं-पिणं तेच असताना शुगर सलग वर राहिली, तर नवी कुपी उघडून बघावी.

वाडीवाला

बाप्पा रे. म्हंजे आंब्याचा दोष नव्हता? आता बाबाची कुपी काढून पाह्यली. काचेले पांढरं लागलेलं हायच.

औषधी_इतवारी

ती वापरू नका. आज नवी उघडा, पण उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करून सध्याचा डोस आणि कुपी गोठत होती हे दोन्ही सांगा. रात्री एकदा शुगर मोजा.

रामदासपेठ_दादा

इन्व्हर्टर घ्या ना, एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे पंखा आणि टीव्ही आठ तास चालतात.

अबोली

दादा, आमच्या इन्व्हर्टरवर फ्रिज लावून बघितला होता. कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जोर घेतो, इन्व्हर्टर लगेच ट्रिप झाला. मोठा इन्व्हर्टर असेल तर चालेल, आमचा झेपत नाही.

नंदनवन_माऊली

माझा मुलगा नऊ वर्षांचा, टाइप वन. तुम्ही सगळे घरचं सांगताय, माझी अडचण शाळेची आहे. त्याचं पेन मी दप्तरात ओल्या रुमालात गुंडाळून देते. शाळेतून येईपर्यंत रुमाल वाळलेला असतो. एकदा रिक्षावाल्या काकांनी दप्तर टपावर ठेवलं आणि पेन हाताला चटका बसेल इतकं गरम झालं होतं. ते मी फेकलं. बरोबर केलं का?

औषधी_इतवारी

बरोबर केलं. टपावर, गाडीच्या डिकीत, स्कूटरच्या सीटखाली कधीच नको, तिथलं तापमान खोलीपेक्षा कितीतरी वर जातं. रुमालाऐवजी साधा छोटा थर्मास द्या. त्यात बर्फ न घालता फ्रिजचं थंड पाणी अर्धा तास ठेवून ओतून टाकायचं, आतून पुसायचं आणि पेन कोरड्या कापडात गुंडाळून आत ठेवायचं. शाळेच्या वेळेला पुरतं.

कुंभारपुरा_लेक

माठाबद्दल लिहिते, कारण आमचं घराणं त्यातलंच. अबोलीताई, तुमचा माठ रंगवलेला नव्हता म्हणून चालला. हल्ली बाजारात ऑइलपेंटची नक्षी काढलेले माठ मिळतात. रंगाने छिद्रं बुजली की पाणी पाझरत नाही, आणि पाझरलं नाही तर गार होणार कसं? जुन्या माठाचंही तसंच. बाहेरून पांढरे क्षार बसलेले असतील तर नारळाच्या शेंडीने घासा, साबण लावू नका.

आम्ही आजोबांसाठी असं करायचो. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा. मग अर्ध्याहून कमी पाणी भरून लोखंडी तिवईवर, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी. बाहेरून गोणपाट गुंडाळून तो ओला ठेवायचा. कुप्या मात्र पाण्यात सोडायच्या नाहीत. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत घालून ती बरणी पाण्यावर तरंगत ठेवायची, वर मातीचं झाकण. एकदा काकांनी कुपी थेट पाण्यात टाकली, लेबल सुटलं आणि कोणती साधी नि कोणती दुधाळ हे ओळखण्यावरून घरात वाद झाला.

पण हे सगळं कोरड्या उन्हाळ्याचं. मृग लागला की माठातलं पाणी खोलीइतकंच राहतं, कितीही गोणपाट भिजवा.

अबोली

हे खरं आहे. मागच्या जुलैत मी तार माठात सोडून बघितली होती. खोलीत ३१, माठात ३०. मे महिन्यात याच माठाने बारा अंशांचा फरक दिला होता.

सेवानिवृत्त_मास्तर

मी एक वाचलेलं सांगतो. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेने केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत घरातलं तापमान नोंदवलं, ते २५ ते ३७ अंशांत वर-खाली व्हायचं. तशाच तापमानात उघडलेलं इन्सुलिन चार आठवडे ठेवून प्रयोगशाळेत तपासलं, तर थंडीत ठेवलेल्याइतकीच ताकद निघाली. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मग आपण माठाचा एवढा खटाटोप उगाच करतो का?

औषधी_इतवारी

मास्तर, अभ्यास खरा आहे आणि दिलासा देणारा आहे. पण तिथे रात्री तापमान २५ पर्यंत उतरत होतं. आपल्याकडे नवतप्यात स्लॅबखालची खोली रात्रीही ३४-३५ ला अडकलेली असते. तेवढ्याने किती फरक पडतो हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या घरी मी माठच ठेवीन.

महालची सून

मी आता थर्मासात बर्फ घालत नाही, माठ ठेवते. तरी एक विचारायचंय. आमचा फ्रिज एकदारी, जुना. फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये भाजी कधीकधी कडक होते. कुप्या दाराच्या कप्प्यात ठेवल्या तर दार उघडझापीने गरम होतात, आत ठेवल्या तर गोठायची भीती. कुठे ठेवू?

अबोली

ताई, दारातच, अंड्यांच्या खणात. आमच्याकडे तिथे दिवसभरात ४ ते ९ फिरतं. मागच्या भिंतीला लागून तार ठेवली तेव्हा एकदा शून्याखाली गेलं होतं.

वाडीवाला

डॉक्टरसोबत बोललो. त्याईनं डोस आधीचा जुना सांगितला, सोळा, अन् तीन दिवस चारदा मोजायले सांगितलं. आज झोपताना १७१. माठ उद्या आणतो, बिनारंगाचा.