मुलाचा पहिला फोन: कुलूप कसं लावलंत? (अनुभव धागा)

सईची आई: सई आठ वर्षांची. शाळेची बस कधीही येते, म्हणून नवऱ्याचा जुना अँड्रॉइड तिला दिला. तिच्या नावाचं खातं काढलं, फॅमिली लिंक हे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप लावलं. रोज एक तास, रात्री आठनंतर बंद. चौथ्या दिवशी बघते तर फोनवर बंदुकीचा गेम! मला परवानगीची सूचना आलीच नव्हती. तुमच्याकडे काय काय झालं, लिहा.

घाटकोपरचा बाबा: प्ले स्टोअरला वयाची मर्यादा लावून पिन घाला. विषय संपला.

नाशिककर: नाही हो संपत. ती मर्यादा नव्याने घ्यायच्या अ‍ॅपना, आधी असलेली तशीच राहतात. सईच्या आई, प्ले स्टोअर उघडा. वर उजवीकडच्या गोलात फोटो कुणाचा आहे?

सईची आई: अगंबाई, नवऱ्याचा! गॉगलवाला.

नाशिककर: तिथेच घोळ. परवानगी सईच्या खात्याला लागते, बाबांच्या नाही, आणि त्या गोलावर बोट ठेवलं की खातं बदलतं. माझ्या लेकानेही हेच केलं होतं. फोनमधले फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग सेटिंग्जमधून नवऱ्याचं खातं काढा आणि त्यानंतरच फोन रीसेट करा. मी खातं न काढताच बटणं दाबून रीसेट केला होता, तर फोन जुना पासवर्ड मागत अडून बसला. फोन पुन्हा सुरू कराल तेव्हा सईचंच खातं घाला, दुसरं नको.
आणि परवानगी तुमच्या फोनवरून द्या. तिच्या फोनवर पासवर्ड टाईप केलात तर ती बघणारच. आमच्याकडे दोन दिवसांत पाठ झाला होता.

शोभाताई: माझ्या सासऱ्यांना सारखे लॉटरीचे फोन येतात, ते यानं बंद होतील का?

नाशिककर: नाही ताई, ते वेगळं.

डोंबिवली लोकल: आमची दहाची. यूट्यूब किड्स तिला बाळबोध वाटतं. म्हणून मुख्य यूट्यूबवर नऊ वर्षांपुढचा पर्याय दिला. शिव्या नाहीत, पण खेळणी उघडायचे व्हिडिओ तासन् तास! पुन्हा किड्सवर न्यावं का, नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही.

घाटकोपरचा बाबा: बरं, पिनवालं मी मागे घेतो. पण शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो त्याचं काय? तिथे तर तेरा वर्षं लागतात.

डोंबिवली लोकल: आम्ही तो ग्रुप माझ्याच फोनवर ठेवलाय. संध्याकाळी वहीत उतरवून देते. कटकट आहे. आणि एक, मुलांच्या फोनमध्ये बँकेला जोडलेलं सिम नको. ओटीपी तिथेच येतात.

सईची आई: रीसेट झाला, आता गोलात सईचं स इतकंच दिसतंय. पण तासभर संपून फोन बंद झाला आणि बस आली नसेल तर?

नाशिककर: तुमचा फोन तिला उचलता येतो. आजच वेळ संपू द्या आणि स्वयंपाकघरातून एक कॉल लावून बघा.