लग्नातला फोटो ‘साधा’ करणं म्हणे दोन मिनिटांचं काम!

करवलीचा भाऊ: बहिणीच्या बायोडेटाला फोटो हवाय. चांगला म्हणावा असा एकच आहे, मावसभावाच्या लग्नातला. त्यात मरून लिपस्टिक, चिकटवलेल्या पापण्या, फाउंडेशनचा थर. पाहुणे म्हणतात, साधा फोटो पाठवा. एडिट करून मेकअप उतरवता येतो का?

झटपट_७७: तोंड सिलेक्ट करा, सॅच्युरेशन खाली ओढा. दोन मिनिटांचं काम. स्टुडिओवाले उगाच पैसे उकळतात.

नवी पेठ रिटचिंग: हे ‘दोन मिनिटं’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. सॅच्युरेशन ओढलं की मरून ओठ राखेच्या रंगाचे होतात, माणूस आजारी दिसतो. मरून लिपस्टिक नुसती लाल नसते, काळपटही असते. म्हणून आधी ओठ उजळायचे, रंगाचं नंतर बघायचं. कर्व्ह्जची लेयर घ्या, मास्क फक्त ओठांवर ठेवा आणि रेघ मधून वर उचला. ओठ शेजारच्या कातडीपेक्षा जरासेच गडद राहिले की थांबा. मग वर रिकामी लेयर, ब्लेंड मोड ‘कलर’, आणि मऊ ब्रशने रंग भरा. रंग उचलायचा खालच्या ओठाच्या आतल्या कडेवरून. जेवणखाण झालं की लिपस्टिक आधी तिथलीच उडते, त्यामुळे खरा ओठ तिथे दिसतो. पुष्कळ जणींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा सावळा असतो, तो तसाच राहू द्या. दोन्ही एकसारखे गुलाबी केले की चोरी पकडली जाते. शेवटी लायनरची कड. मेकअपशिवाय ओठाला इतकी धारदार कड नसते. ती दोन-तीन पिक्सेल ब्लर करा, आणि लायनर ओठाबाहेर काढलेलं असेल तर वरची कातडी क्लोन करून आत आणा.

पापण्या पूर्ण पुसू नका, डोळा सोलल्यासारखा दिसतो. बाहेरच्या कोपऱ्यातली लांब टोकं तेवढी काढा. क्लोन स्टॅम्पचा मोड ‘लाइटन’ ठेवला की काळे केसच जातात, मागची कातडी शाबूत राहते. मुळाशी असलेली गडद रेघ थोडी उजळा, पण ठेवा. आणि एक गोष्ट सगळे विसरतात. नकली पापणीची सावली डोळ्याच्या पांढऱ्यावर वरच्या बाजूला पडलेली असते. पापणी गेली आणि सावली राहिली, तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

फोटोप्रेमी सोलापूर: फाउंडेशनला फ्रिक्वेन्सी सेपरेशन करा. रंग एका लेयरवर, पोत दुसऱ्यावर. रंगाची लेयर बदलली की खालची खरी कातडी वर येते.

नवी पेठ रिटचिंग: अर्धं बरोबर आहे, भाऊ. लेयर वेगळ्या होतात हे खरं, पण पोताच्या लेयरवर जे दिसतं तो पावडरचा पोत. छिद्रं फाउंडेशनने बुजलेली आहेत. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते कुठलीही लेयर देणार नाही. म्हणजे फाउंडेशन ‘काढता’ येत नाही, त्यावर कातडी रंगवावी लागते. त्याच मुलीचा, तशाच उजेडातला बिनमेकअपचा फोटो असेल तर पोत तिथून घ्यायचा. नसेल तर केसांच्या रेषेजवळ फाउंडेशन पातळ असतं, तिथला घ्यायचा. आणि चेहरा एकरंगी नसतो. नाकाच्या कडा, गाल जरा लालसर, तोंडाभोवती आणि डोळ्यांखाली सावळं. लाली ‘कलर’ मोडमध्ये आणि सावळेपणा ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये, दहा-बारा टक्क्यांच्या ब्रशने परत आणायचा. जास्त ओढलं की काजळी फासल्यासारखं होतं.

विजापूर रोड पार्लर: एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलीला सकाळी आठच्या आत गॅलरीत सावलीला उभी करा आणि नवा फोटो काढा की! एखाद्या कार्यक्रमाचा मेकअप हलका करून फोटो काढायचा असेल तर पापण्यांच्या पट्टीवर तेलकट रिमूव्हरचा कापूस अर्धा मिनिट दाबून धरा, गोंद सुटतो. ओढू नका, खरे केस उपटतात. मॅट लिक्विड लिपस्टिक टिश्यूने जात नाही, आधी लिप बाम चोळा, मग पुसा. राहिलेली छटा साध्या ओठासारखीच दिसते. फाउंडेशन ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने दाबत उचला, घासलं की चट्टे पडतात. आणि हो, तो ‘थर’ आमचा नसतो. फोटोग्राफर लोक तोंडावर फ्लॅश मारून पांढरं करतात आणि बिल पार्लरवर फाडतात.

नवी पेठ रिटचिंग: आलात का मूळ पदावर! मुलीच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन आम्ही लावतो का ताई? गळा सावळा, चेहरा पिठात बुडवलेला.

विजापूर रोड पार्लर: उजळ शेड आम्ही मनाने लावत नाही, सोबत आलेल्या आत्या-मावश्या ‘अजून थोडं गोरं करा’ म्हणून मागे उभ्या असतात. त्यांना तुम्ही सांगा.

झटपट_७७: भांडा, भांडा. फोटो राहिला बाजूला.

जुना कॅमेरा: दोघेही फोटो न बघता भांडताय. बहिणीच्या दातांकडे आणि साडीच्या जरीकडे बघा. तेही पांढरे फटक झाले असतील तर फोटोच जास्त उजळ निघालाय, दोष कॅमेऱ्याचा. जरीची नक्षी स्वच्छ दिसते आणि फक्त चेहरा पांढरट आहे, तर मेकअप. त्यातही सरळ फ्लॅशच्या फोटोत पांढरट आणि मांडवाच्या उजेडातल्या फोटोत ठीक असेल, तर पावडरमधला सिलिका किंवा सनस्क्रीनमधला टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅश परत फेकतोय. दोन्ही फोटोंत पांढरट असेल तर शेडच चुकलीय.

विजापूर रोड पार्लर: हे मान्य. पण छताकडे फ्लॅश वळवला असता तर पावडर दिसलीच नसती, हेही लिहा.

जुना कॅमेरा: लिहितो. उघड्या मांडवाला छत कुठलं, हेही लिहितो.

होटगी रोड: पासपोर्टला एडिट केलेला फोटो चालत नाही. तिथे केंद्रातच फोटो काढतात.

करवलीचा भाऊ: पासपोर्ट नाही हो, बायोडेटा! साडीची जरी व्यवस्थित दिसते, चेहराच पांढरा आहे. रंग गळ्यावरून घेतला तर चेहरा पिवळा पडतोय, आणि लिपस्टिक कमी केली तर ओठांभोवती लालसर धूर राहतो.

नवी पेठ रिटचिंग: पिवळा पडणारच, आदल्या दिवशीची हळद गळ्यावर आहे. हातावर मेंदी, म्हणजे हातही बाद. दंडाचा आतला भाग बघा, ब्लाउजच्या बाहीखालचा. तिथून थोड्या मोठ्या भागाची सरासरी घ्या, एका पिक्सेलची नको. चेहरा त्यापेक्षा किंचित सावळा ठेवा, उन्हाने तो असतोच. आणि धूर म्हणजे फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला दिसतोय. दाबलेल्या फाइलमध्ये रंग मूळ तपशिलापेक्षा भरड साठवतात, म्हणून लाल रंग ओठाबाहेर सांडतो. फोटोग्राफरकडून मूळ फाइल मागा, व्हॉट्सअॅपनेच पाठवणार असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

सात रस्ता: पण असा रंगवलेला ‘साधा’ फोटो पाठवणं म्हणजे फसवणूकच ना? माझ्या भाच्याच्या वेळी मुलगी समोर आली तर कुणी ओळखेना.

नवी पेठ रिटचिंग: मेकअपचा पाठवला तरी तेच म्हणाला असता, काका. डाग, तीळ, डोळ्यांखालचं सावळं पुसत नाही तोवर मी त्याला फसवणूक म्हणत नाही.

विजापूर रोड पार्लर: मी म्हणते. कातडी स्वतःच्या हाताने रंगवता, असं वर तुम्हीच लिहिलंय. गॅलरीतला फोटो फुकट निघतो.

करवलीचा भाऊ: मूळ फाइल मागितलीय. ताई पुण्याला आहे, रविवारी येते. आली की गॅलरीतही उभी करतो.

झटपट_७७: माझी दोन मिनिटं रविवारपर्यंत गेली म्हणायची.