मैत्रिणीचा डीपी अचानक दिसेनासा झाला आहे. यावरून नेमके काय समजावे?

रानजाई यांचा प्रश्न:

व्हॉट्सॲपवरील एका गोष्टीमुळे मी चार दिवस फार अस्वस्थ आहे. ज्यांना यातले नीट कळते त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा डीपी रविवारी रात्री अचानक नाहीसा झाला. त्याच्या जागी आता राखाडी रंगाची कोरी आकृती दिसते. त्याच वेळी तिचे लास्ट सीनही दिसेनासे झाले आहे. आमचे भांडण झाले नव्हते, परंतु त्या आधीच्या आठवड्यात तिच्या एका निर्णयाबद्दल मी जरा तोडून बोलले होते आणि ती त्यावर गप्प राहिली होती. सोमवारी सकाळी ९:४० ला मी तिला साधा ख्यालीखुशालीचा मेसेज पाठवला. त्यावर थोड्या वेळाने दोन टिक आल्या, पण त्या अजूनही निळ्या झालेल्या नाहीत आणि उत्तरही आलेले नाही. तिने मला ब्लॉक केले आहे असे समजावे का? डीपी आणि लास्ट सीन दोन्ही एकदमच जावेत, याला दुसरे काही कारण असू शकते का?

कोरा कागद:

माझ्या फोनवर गेल्या महिन्यात हेच झाले होते, सगळ्यांचेच फोटो दिसेनासे झाले होते. ॲप काढून पुन्हा टाकले की सर्व पूर्ववत होते. आपणही तसेच करून पाहावे.

रानजाई:

माझे म्हणणे बहुधा नीट पोहोचले नाही. बाकी सर्वांचे फोटो मला व्यवस्थित दिसत आहेत, फक्त तिचाच दिसत नाही.

उंबरठा:

डीपी आणि लास्ट सीन दोन्ही एकाच वेळी गेले म्हणजे ब्लॉक, हे जवळपास ठरलेलेच आहे. खात्री करायची असेल तर तुम्ही दोघी एखाद्या ग्रुपमध्ये एकत्र आहात का ते पाहा. तिचे मेसेज तिथे तुम्हाला दिसत असतील तर तिने ब्लॉक केलेले नाही, आणि दिसत नसतील तर केले आहे.

तळटीप:

रानजाई, आपण स्वतःच लिहिलेल्या एका वाक्यात आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ज्या व्यक्तीने आपल्याला ब्लॉक केले आहे तिला आपण पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक राहते, दुसरी टिक कधीच येत नाही. पुढे तिने ब्लॉक काढले तरी मधल्या काळातले मेसेज तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपला सोमवारचा मेसेज फोटो गेल्यानंतर पाठवलेला आहे आणि त्यावर दोन टिक आलेल्या आहेत. याचा अर्थ तो तिच्या फोनवर, किंवा तिने जोडलेल्या संगणकावर, पोहोचला आहे. त्या क्षणी आपण ब्लॉक नव्हता, हे निश्चित मानावे. टिक निळ्या न होण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. तिने मेसेज उघडला नसेल, किंवा वाचल्याची खूण दाखवण्याची सोय तिने बंद ठेवली असेल.

उंबरठा यांनी ग्रुपची जी कसोटी सांगितली आहे ती कृपया वापरू नये. ब्लॉक करण्याचा परिणाम दोघांमधल्या थेट संभाषणावर होतो. सामाईक ग्रुपमध्ये दोघांचे मेसेज एकमेकांना पूर्वीसारखेच दिसत राहतात, त्यामुळे ते दिसले तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

कोरा कागद यांच्या उपायाबद्दलही एक सांगणे आवश्यक वाटते. बॅकअप न घेता ॲप काढून टाकले तर आपली जुनी संभाषणे हातची जाऊ शकतात. एकाच व्यक्तीचा फोटो दिसत नसताना ती जोखीम घेण्याचे कारण नाही.

आता एक प्रश्न विचारतो. आपण स्वतःचे लास्ट सीन अलीकडे लपवले आहे का?

रानजाई:

हो, लपवले आहे! कामाच्या ठिकाणच्या काही जणांमुळे रविवारी संध्याकाळीच मी ते Nobody वर ठेवले. पण मी माझे लपवले म्हणून तिचे दिसेनासे होईल, असे कसे?

तळटीप:

तसेच होते. लास्ट सीनचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे आपण आपले सर्वांपासून लपवले की आपल्यालाही कोणाचेच दिसत नाही. आपण रविवारी संध्याकाळपासून कदाचित फक्त तिचेच संभाषण पुन्हा पुन्हा उघडून पाहत होता, म्हणून ते तिचेच गेले असे वाटले. इतर कोणाचेही संभाषण उघडून पाहिलेत तर त्यांचेही लास्ट सीन दिसणार नाही. फोटोला मात्र हा नियम लागू नाही. आपण आपला डीपी लपवला तरी इतरांचे डीपी आपल्याला दिसत राहतात, त्यामुळे तिचा फोटो न दिसण्यामागे आपली ही सेटिंग नाही. दोन गोष्टी एकदम घडल्या असे जे भासत होते त्यातली एक आपल्याच हातून घडलेली आहे, आणि आता विचार करायचा तो फक्त फोटोचा.

फोटोच्या वेळेबद्दलही सावध राहावे असे मला वाटते. आपला फोन लोकांच्या फोटोंची छोटी प्रत स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि ती प्रत जुनी झाली तरी काही काळ तीच दाखवतो. फोटो रविवारी रात्री गेला असे आपण म्हणता, परंतु रविवारी रात्री तो गेल्याचे आपल्या लक्षात आले, इतकेच खात्रीने म्हणता येईल. आपल्या त्या बोलण्यानंतर लगेचच तो गेला, हा धागा त्यामुळे फार कच्चा आहे.

आता Settings मधील Privacy मध्ये जाऊन Last seen and online पुन्हा पूर्वीसारखे करावे आणि काय दिसते ते इथे सांगावे.

पाऊलखूण:

थोडे वेगळे, परंतु मला जे भोगावे लागले ते सांगतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा डीपी असाच गेला होता आणि माझ्या मेसेजवर कित्येक महिने एकच टिक होती. मी मनात पक्के धरले की त्याने मला ब्लॉक केले आहे, आणि कशाबद्दल रागावला असेल याचा शोध घेत राहिलो. नंतर एके दिवशी त्या नंबरवर एका अनोळखी स्त्रीचा फोटो दिसू लागला. त्याच दिवशी मी लांबलचक क्षमायाचना लिहून पाठवली, आणि आपण चुकीच्या नंबरवर लिहिले आहे असे त्या बाईंचे उत्तर आले. सहकाऱ्याने तो नंबर केव्हाच बंद केला होता. कंपनीने तो दुसऱ्या ग्राहकाला दिला होता. त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीही नव्हते, माझे नावसुद्धा त्या काळात त्याच्या डोक्यात आले नसेल.

तळटीप:

पाऊलखूण यांचा अनुभव महत्त्वाचा आहे, कारण एक टिक ही ब्लॉकची खूण आहे असे सर्रास म्हटले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. फोन बंद असला, इंटरनेट नसले, ॲप काढून टाकलेले असले किंवा नंबरच सोडून दिलेला असला तरीही एकच टिक राहते. शिवाय साधारणपणे १२० दिवस वापर झाला नाही तर व्हॉट्सॲप खाते काढून टाकते, आणि खाते गेले की फोटोही जातो. म्हणून दोन टिक आल्या तर ब्लॉक नाही असे ठामपणे म्हणता येते, परंतु एक टिक राहिली तर ब्लॉक आहे असे म्हणता येत नाही. ब्लॉक झालेल्याला ते स्पष्ट कळू नये, अशीच ही रचना मुद्दाम केलेली आहे.

उंबरठा:

ग्रुपबद्दल मी चुकलो, हे मान्य करतो. तरीही एक विचारतो. ब्लॉक न करताही ती फोटो फक्त यांच्यापासून लपवू शकते ना?

तळटीप:

लपवू शकते, आणि हा प्रश्न योग्य आहे. डीपीसाठी Everyone, My contacts, My contacts except... आणि Nobody असे चार पर्याय असतात. त्यातला ठरावीक संपर्क वगळण्याचा पर्याय २०२२ साली आला. तिने यांना वगळले असेल, फोटो सर्वांपासूनच लपवला असेल किंवा काढूनच टाकला असेल, तरी यांच्या पडद्यावर तीच कोरी आकृती दिसेल. चौथी शक्यता मात्र लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. My contacts याचा अर्थ तिच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर साठवलेले आहेत ते लोक. आपण तिचा नंबर साठवलेला असून उपयोग नाही, तिच्याकडे आपला असावा लागतो. तिने फोन बदलला आणि काही नंबर नव्या फोनवर आले नाहीत, तर तिने काहीही न करता तिचा फोटो त्या लोकांना दिसेनासा होतो. तिला स्वतःला याचा पत्ताही नसतो.

रानजाई:

मी लास्ट सीन पुन्हा My contacts वर ठेवले. सगळ्यांचे दिसू लागले आणि तिचेही दिसले, आज सकाळी ७:१२. ते पाहून फार हायसे वाटले. फोटो मात्र अजूनही नाही. आमच्या एका सामाईक मैत्रिणीला तिचा फोटो दिसतो का, हे विचारावे का?

पाऊलखूण:

माझे मत विचाराल तर विचारू नये. ती गोष्ट फिरून तिच्या कानावर जाईल, आणि जे साधे होते ते उगाच अवघड होऊन बसेल.

तळटीप:

विचारल्यास काय कळेल तेवढे सांगतो, विचारावे की नाही हे आपण ठरवावे. सामाईक मैत्रिणीलाही फोटो दिसत नसेल तर तो बहुधा सर्वांसाठीच गेलेला आहे. तिला दिसत असेल तर मात्र दोन शक्यता उरतात, आपल्याला वगळले असणे किंवा तिच्या फोनमधून आपला नंबर गेलेला असणे, आणि त्या दोन्हींचा अर्थ एकमेकींपासून फार दूरचा आहे. लास्ट सीन दिसले म्हणून नंबर शाबूत आहे असेही लगेच म्हणता येत नाही, कारण तिने ते Everyone वर ठेवलेले असू शकते. ती स्टेटस टाकते का? स्टेटस दिसण्यासाठी दोघींकडे एकमेकींचा नंबर साठवलेला असावा लागतो. तिचे नवे स्टेटस आपल्याला दिसले तर आपला नंबर तिच्या फोनमध्ये आहे, हे नक्की होईल. दिसले नाही तर त्यावरून काही ठरवू नये, तिने टाकलेच नसेल.

रानजाई:

ती स्टेटस क्वचितच टाकते, म्हणून मी त्याकडे लक्षच दिले नव्हते. सामाईक मैत्रिणीला मी विचारलेले नाही.

रानजाई (दुसऱ्या दिवशी):

आज दुपारी तिचे स्टेटस दिसले, खिडकीत वाळत घातलेल्या रंगांच्या ब्रशांचा फोटो आहे. म्हणजे माझा नंबर तिच्याकडे आहे आणि मी ब्लॉकही नाही. सोमवारच्या मेसेजवरच्या टिक अजून राखाडीच आहेत, डीपीच्या जागी तीच आकृती आहे. मला वगळले आहे की फोटोच काढला आहे, हे इथून कळणार नाही, हे आता समजले. त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल मात्र तिच्याशी बोलायचे आहेच. संध्याकाळी तिला फोन करणार आहे, आणि डीपीचा विषय काढणार नाही.