शब्दचर्चा: 'उठाव' आणि 'खप' यांत फरक काय?

रानवाट: एखाद्या धंद्याचं 'पेव फुटलंय', त्याची 'टूम निघालीय', 'लाट आहे' असं आपण म्हणतो. हे सगळे गर्दीचे शब्द झाले. गर्दी गरजेने जमली की एकमेकांचं बघून, हे दाखवणारा शब्द मराठीत आहे का?

आडतवाला: आमच्या बाजारात दोन शब्द आहेत. व्यापाऱ्याने माल उचलला की 'उठाव' झाला. तो माल कुणाच्या घरी शिजून संपला की 'खप' झाला.

शब्दवेडा: दोन्ही एकच की! 'मालाला उठाव नाही' म्हणजे खपत नाही.

आडतवाला: मेथीपुरतं तुमचं बरोबर आहे, ती साठवता येत नाही. हळद गोदामात पडून राहू शकते. तिथे भरपूर उठाव दिसतो, खप मात्र झालेला नसतो.

माळरान: आमच्या घरी हा फरक महागात पडला. २०१० साली वडिलांनी इमूच्या पाच जोड्या घेतल्या. पिल्लं परत विकत घेऊ, असं विकणाऱ्यांनी लिहून दिलं होतं. गडद हिरवी, हाताच्या पंजात न मावणारी अंडी बघायला गाव लोटायचं. वर्षाला पन्नासेक पिल्लं जगतील असा हिशेब होता. ती घेणार कोण? नवे इमूपालकच. एकाने दहा घेतली तर पाच नवे लोक लागणार. त्यांचे पक्षी अंड्यावर आले की पंचवीस, मग सव्वाशे. एवढे लोक येणार कुठून? मटण कुणी खातं का, हे वडिलांनी तालुक्याच्या खाटकाला विचारलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एकानेही मागितलं नाही." पिल्लं उचलणारे यायचे थांबले, पण पक्ष्यांचं खाद्य थांबवता येईना. शेवटी पक्षी फुकट दिले.

आडतवाला: पिल्लांना उठाव, मटणाला खप शून्य. वाईट झालं.

शिवार२२: मला दोनशे कडकनाथ टाकायचेत. कर्ज मिळेल का?

रानवाट: दादा, इथे शब्दाची चर्चा चाललीय.

माळरान: असू द्या, प्रश्न तोच आहे. कडकनाथ मूळचा झाबुआकडचा, तिकडे लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खातात. म्हणजे खप आहे, पण तुमच्या गावात आहे का? पिल्लं देणाराच एकमेव गिऱ्हाईक असेल तर कर्ज काढू नका. आधी वीस पक्षी पाळा, ओळखीच्या खानावळीला विका आणि ती पुन्हा मागते का बघा. पहिल्यांदा लोक नवल म्हणून घेतात.

शब्दवेडा: फरक पटला. पण ड्रॅगन फ्रूटला काय म्हणाल? सुरुवातीला आमच्याकडे कलमं विकणाऱ्यांनीच पैसा केला. आता फळही विकलं जातंय.

आडतवाला: खप आहे, भाव मात्र उतरलाय. त्या भावात खांब-तारांचा खर्च निघतो का, यावर आमच्या गाळ्यावर रोज वाद होतो.