प्रतिसाद: आतला पत्ता म्हणजे आपला माणूस नव्हे

> "सर्व्हर फक्त 192.168.1.20 वरूनच उघडतो, म्हणून पासवर्ड ठेवला नाही. बाहेरचं कोणी येणार कसं?"

बाहेरचं यायची गरजच नाही. घणसोलीच्या आमच्या जुन्या ऑफिसात हेच होतं: .20 म्हणजे अकाउंट्सचा पीसी. तो बंद असला की दुसऱ्या लॅपटॉपला तोच आयपी हाताने द्यायचा, सर्व्हर उघडतो. इतकं सोपं!

पीसी चालू असला तरी वाट आहे. "20 कोणाकडे आहे?" असं सर्व्हर एआरपीने, म्हणजे आयपीवरून नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता शोधायच्या प्रोटोकॉलने, विचारतो आणि जे उत्तर येईल ते खरं मानतो. 1982 च्या मूळ एआरपीत ओळख पटवायची सोयच नाही. बऱ्याच मशीन तर न विचारता आलेलं उत्तरही नोंदवून घेतात. मग कोणीही "20 माझ्याकडे आहे" असं दर काही सेकंदांनी सांगत राहिला, की सर्व्हरची उत्तरं त्याच्या मॅक पत्त्यावर जातात.

आमच्याकडे सर्व्हरवर हे दिसलं:

```
arp -a
192.168.1.20   3c-52-82-aa-10-07
192.168.1.37   3c-52-82-aa-10-07
```

दोन आयपी, मॅक एकच. .37 हा पाहुण्यांच्या वायफायवरचा लॅपटॉप निघाला. (एकाच कार्डाला दोन आयपी मुद्दाम दिलेले असू शकतात, तेवढं आधी तपासा.)

एआरपी राउटर ओलांडत नाही, म्हणून पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे राउटरपलीकडच्या वेगळ्या नेटवर्कवर टाका. पण सर्व्हरला लॉगिन आणि टीएलएस एन्क्रिप्शन आधी लावा, कारण ऑफिसातला माणूस व्हीलॅनच्या आतच बसलेला असतो.