शब्दचर्चा : "निष्काळजी" काढायचं, पण मुद्दा जाऊ द्यायचा नाही

काट्याजवळचा: राजेहो, मदत पाहिजे. यवतमाळकडच्या एका जिनिंगमधे मी ऑफिसचं पाहतो, सध्या वर्षाचे रिव्ह्यू टाइप करून राहिलो. काट्यावरच्या पोराबद्दल मॅनेजरनं लिहून दिलं, "निष्काळजी आहे. कापसाचा ओलावा कधीच मोजत नाही, अंदाजे आकडा टाकतो. शेतकऱ्यांशी उद्धट बोलतो. सांगून उपयोग नाही." म्हणतात भाषा नरम कर. मी "ओलावा मोजण्यात सुधारणेला वाव आहे" केलं तर म्हणे यात राहिलं काय?

वऱ्हाडी मास्तर: सुधारणेला वाव तर पहिल्या नंबरच्या पोराच्या प्रगतीपुस्तकातही असते. कर्मणी करा न, "काही वेळा ओलाव्याची नोंद अंदाजे केली गेली". कोणाचं नाव नाही, कोणाला राग नाही.

कारंजावाली: मास्तर, नाव गेलं की त्या पोराले वाटते हे दुसऱ्याचंच. आणि "काही वेळा" कुठून आणलं? साहेब "कधीच" म्हणते, तुम्ही "काही वेळा", मोजलं कोणीच नाही. रजिस्टर काढा आधी. "निष्काळजी" उडवा, तो शिक्का आहे, पण झालेली गोष्ट जशीच्या तशी ठेवा अन् त्यानं काय बिघडते तेही लिहा. 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की सीसीआय भाव कापते, 12 च्या वर घेतच नाही, म्हणजे अंदाजाचा आकडा कोणाच्या तरी खिशातून जाते. नरमाई पुढं काय करायचं त्या वाक्यात टाका.

झेडपीवाला: आमच्या गोपनीय अहवालात असा शेरा असला तर कळवावाच लागते, 2008 च्या देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं. माझा साधा "चांगला" होता, तोही कळवला नाही. अपील करता येईल का?

कारंजावाली: भाऊ, इथं खासगी जिनिंगचं चालू आहे.

काट्याजवळचा: रजिस्टर पाहिलं. डिसेंबरात एका दिवशी ओळीनं 14 गाड्यांना 8 च लिहिलाय, असं होतच नाही. पण त्याच आठवड्यात मीटरचा सेल गेला होता म्हणते पोरगा, सांगितलं मात्र कोणालेच नाही. आता असं केलं: "डिसेंबरमध्ये एका दिवशी 14 गाड्यांचा ओलावा तुम्ही न मोजता लिहिला. मीटर बंद असल्याचं कळवलं नाही. यात शेतकऱ्याचा भाव चुकू शकतो. यापुढे मीटर बंद पडल्यास लगेच कळवावं, मोजल्याशिवाय आकडा लिहू नये."

कारंजावाली: हे झालं. साहेबाले दाखवा, "कधीच" चा हट्ट सुटते का पाहा. "सांगून उपयोग नाही" सरळ खोडू नका, खरंच आधी सांगितलं असलं तर तारीख टाका.

काट्याजवळचा: तारीख साहेबाले आठवत नाही. अन् "उद्धट" चं काय? पोरगा "थांब न बे" म्हणते, आपल्याकडं सगळेच म्हणते.

वऱ्हाडी मास्तर: दोस्ताले म्हणते. साठीच्या माणसाले काट्यावर बे?

काट्याजवळचा: माझे काका मलेच बे म्हणते.

कारंजावाली: काका मोठे आहेत, पोरगा नाही. तरी "उद्धट" लिहू नका, "वडीलधाऱ्यांना बे म्हणतो" असंच लिहा. साहेबाले ते हलकं वाटन, मले तर जड वाटते.