मदत हवी आहे: पाळणाघराच्या डब्यात मऊ पण गुठळीदार काय द्यावं?

बाळ आठ महिन्यांचं आहे. सहाव्या महिन्यापासून मूगडाळ-तांदळाची खिमटी, नाचणीचं सत्त्व, लाल भोपळा, सगळं मिक्सरमधून काढलेलं खातंय. आता गुठळी लागली की उबळ येते. खोकतं, आवाज निघतो, घास बाहेर येतो, म्हणजे घशात अडकत नाहीये. (आवाजच बंद झाला तर तो खरा धोका.)

पातळ वरणात शितं दिली की हमखास उबळ येते, कारण वरण आधी घशात जातं आणि शितं जिभेवर अवचित उरतात. म्हणून मिक्सर बंद केलाय. खिमटी डावाने घोटून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी घट्ट ठेवते. मऊ गुठळ्या बोटांत सहज चिरडतात. घरी हे जमतंय.

अडचण कोथरूडच्या पाळणाघरात आहे. थर्मासच्या डब्यातली खिमटीसुद्धा साडेअकरापर्यंत आळून गोळा होते. मावशी त्यात गरम पाणी घालतात, की पुन्हा पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या! जास्त तूप घालूनही फरक पडला नाही. तीन तास एकजीव, ओलसर राहील असं काय देता? डाळ-तांदळाचं प्रमाण बदलून कुणाला उपयोग झालाय का?